फायनलबाईची नऊ नंबरची स्लाईड

तिला सगळे फायनलबाई म्हणायचे. हॉस्पिटलच्या प्रशासन विभागात, झेरॉक्स मशीनच्या मागे, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही आणि मशीनची गरम हवा मात्र थेट तोंडावर येते, तिथे तिचं टेबल. तिथून ती सगळ्या समित्यांच्या पीपीटी करायची. डॉक्टर असोत, विश्वस्त असोत, कँटीनची समिती असो, प्रत्येकाला भिंतीवर काहीतरी हलतं-चमकतं दाखवायचं असतं, आणि ते ही बाई बनवायची. काम झालं की ती माउस बाजूला सारून म्हणायची, "आता फायनल. आता एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही." त्यावरून नाव पडलं. नाव ठेवणारे तेच, जे पाच मिनिटांनी परत यायचे, "मॅडम, तेवढा एकच शब्द..."

मी लॉन्ड्रीतल्या कामगारांच्या युनियनचा माणूस. त्या हॉस्पिटलच्या तळघरात सतरा-अठरा जण चादरी, गाऊन, ऑपरेशनची कापडं धुतात, वाळवतात, इस्त्री करतात. वरच्या मजल्यावरच्यांना ती माणसं फक्त चादर ओली आली की आठवतात. आणि त्या चादरींत सुया यायच्या. वापरलेल्या, रक्ताळलेल्या सुया. गाठोडं सोडायला हात घातला की टोचायच्या. मग रक्त तपासा, गोळ्या घ्या, महिनोन् महिने जीव टांगणीला. बायको जवळ येत नाही, आई भांडं वेगळं ठेवते. हे सगळं का, तर वर कुणा शहाण्याला सुई डब्यात टाकायला दोन पावलं चालायचा कंटाळा आला म्हणून. थुंकावंसं वाटतं.

भांडून भांडून आम्ही एक संयुक्त समिती करून घेतली. तीत हॉस्पिटलचे प्रशासक, शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे, दोन नर्सेस, लॉन्ड्रीचा मुकादम आणि मी. तीन महिने प्रत्येक गाठोडं उघडताना सापडलेली सुई मोजली. सुई आली कुठून, हे कळायला काही गुप्तहेर लागत नव्हता. वॉर्डच्या चादरी पांढऱ्या, ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या. आणि दहातल्या सात सुया हिरव्या गाठोड्यांत.

हे सगळं फायनलबाईनं पीपीटीत घातलं. नऊ नंबरच्या स्लाईडवर तिनं दोन खांब काढले, एक पांढरा, एक हिरवा. पांढरा बुटका, हिरवा ताडमाड. खाली एक ओळ: बहुतेक सुया शस्त्रक्रिया विभागाच्या कापडांत आढळल्या, थिएटरमध्ये प्रत्येक टेबलाजवळ सुईचा डबा आणि कापड बांधण्याआधी तपासणी आवश्यक. समितीच्या बैठकीत ती पडद्यावर दाखवली. मोठे डॉक्टर चष्मा पुसत राहिले, पण मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. कागद वाचवायचा म्हणून छापलं मात्र काहीच नाही. ही पीपीटी हाच समितीचा अहवाल, ती सगळ्या सदस्यांना पाठवायची आणि मग विश्वस्त मंडळापुढे मांडायची, असं ठरलं.

बैठक सुटल्यावर मी तिथेच घुटमळत होतो. मला त्या लोकांचा काडीचा भरवसा नव्हता. फायनलबाईलाही नव्हता. तिनं प्रशासकांना थांबवलं.

"साहेब, ही पाठवायच्या आधी हिला दोन पासवर्ड लावते. एक उघडायला आणि एक बदलायला. बदलायचा कुणालाच द्यायचा नाही. मग बघेल तो, पण हात लावू शकणार नाही."

प्रशासक म्हणजे गुळगुळीत माणूस. बोलायचा असा, की ऐकणाऱ्याला हात धुवावेसे वाटावेत. तो हसला. "मॅडम, दोन-दोन पासवर्ड? मागच्या वेळी अध्यक्षांना एकच दिला होता, तर त्यांनी मला सकाळी दाढी करताना फोन केला. तोंडाला साबण लावून मी त्यांना स्पेलिंग सांगत होतो. एकच लावा, उघडायचा. नेहमीचाच."

नेहमीचा म्हणजे हॉस्पिटलचं नाव आणि पुढे चालू साल. तिथल्या सगळ्या फायलींना तोच. शिपायालाही पाठ.

"आणि बदलायचं काय?" तिनं विचारलं.

"ते तुमचं फायनल आहे ना? मार्क अ‍ॅज फायनल. ते करा. वर पिवळी पट्टी येते. कुणी हात लावत नाही मग."

"साहेब, त्या पट्टीत बटण असतं. एडिट एनीवे. ते दाबलं की कुणीही बदलू शकतो. ते कुलूप नाही, नुसती पाटी आहे, कृपया हात लावू नये."

"मग? सुशिक्षित लोक आहेत. पाटी वाचतात."

मी म्हटलं, "साहेब, सुशिक्षित लोकांनीच चादरीत सुया टाकल्यात."

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो अशा वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. "आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहा, मॅडम. वेगळा पाठवलात तर परत मलाच फोन."

तो गेल्यावर फायनलबाई मला म्हणाली, "बघा भाऊ. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच बांधून ठेवायची."

"अजून दुसरा काही उपाय नाही?"

"आहे. कुणाला काय करता येईल ते माणसागणिक ठरवता येतं, रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस म्हणतात. पण त्याला सर्व्हरवर वेगळी व्यवस्था लागते, ती इथे कुणी बसवलेलीच नाही. कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, बाई, इथे प्रिंटरला शाई मिळत नाही."

साहेबाचा हुकूम. तिनं उघडायचा पासवर्ड लावला, फायनलचं बटण दाबलं, सगळ्यांना मेल केला, दुसऱ्या ओळीत पासवर्ड लिहिला. माझ्यादेखत. मी शिव्या देत होतो आणि ती गप्प टाइप करत होती.

ती बाई कुठून आली हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई लहानपणी गेली, वाढवलं मावशीनं. आणि मावशी त्याच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत. तीस वर्षं चादरी घड्या केल्या तिनं. पोरगी शाळा सुटली की तळघरात यायची, घड्या केलेल्या चादरींच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. मावशीनं तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. पोरीनं तळघरातून दोन मजले वर जायचं, एवढंच मावशीचं स्वप्न. "मी खालून चादरी वर पाठवल्या, ही वरून कागद खाली पाठवते," असं ती सांगायची, आणि मग खोकायची. मावशीलाही एकदा सुई टोचलेली. तेव्हा कसल्या तपासण्या! मुकादमानं बोट पिळून पाण्याखाली धरायला लावलं आणि झालं. नशीब, काही झालं नाही. पण फायनलबाईनं ते बोट पाहिलं होतं. म्हणून नऊ नंबरच्या स्लाईडवर ती इतर स्लाईडींपेक्षा जास्त वेळ बसली होती. हे तिनं मला सांगितलेलं नाही. मावशीनं सांगितलं.

नवरा शाळेची व्हॅन चालवतो. त्याचा एक ठरलेला विनोद होता, "आमच्या घरात हिचंच फायनल, मी नुसता ड्राफ्ट." दर वेळी तोच हसायचा.

विश्वस्त मंडळाची बैठक वरच्या मजल्यावर, थंडगार खोलीत. टेबल इतकं गुळगुळीत की कोपर घसरतं. मी आणि मुकादम टोकाला. फायनलबाई दाराशी एका खुर्चीवर, मशीन बिघडलं तर हाताशी असावी म्हणून. मोठे डॉक्टरच अहवाल मांडणार होते. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, लावला. फाईलनं पासवर्ड मागितला, त्यांनी टाकला. वर पिवळी पट्टी दिसली. मला जरा हायसं वाटलं, खरं सांगतो. म्हटलं, पाटी तरी जाग्यावर आहे.

एक ते आठ ठीक. नववी आली. खांब नव्हते. ना पांढरा, ना हिरवा. नुसतं लिहिलेलं: लॉन्ड्री कर्मचाऱ्यांकडून कापड हाताळताना निष्काळजीपणा आढळला, हातमोज्यांच्या वापराबाबत प्रशिक्षण आवश्यक.

मुकादमाला इंग्रजीचं वावडं, पण हे मराठीतच होतं. त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याला भर बाजारात कुणी चोर म्हटलं. मी उठलोच. "हे काय आहे? हे आमचं नाही!"

अध्यक्ष, वयस्कर गृहस्थ, दचकले. "तुमच्याच समितीचं आहे ना?"

"समितीत हिरवा खांब होता! दहात सात सुया थिएटरच्या होत्या! कुठे गेल्या? विरघळल्या?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "मला जी फाईल आली ती मी दाखवतोय." इतक्या सहज, की वेटरला पाणी सांगावं तसं.

आणि मग सगळे दाराकडे वळले. प्रशासक म्हणाला, "मॅडम, ही तुमची फाईल. तुम्हीच केली. तुम्हीच पाठवली. तुम्हीच फायनल केली. काय झालं हे?"

ती उभी राहिली. हात तिनं साडीच्या पदरात गुंडाळले. "साहेब, मी पाठवली ती ही नाही."

"मग ही कुठून आली? पासवर्ड तोच आहे. पिवळी पट्टी तीच आहे. तुमची मावशी लॉन्ड्रीत होती ना? कदाचित तुमच्याकडे त्यांच्या सोयीची एक आणि ही एक, अशा दोन फायली असतील, गोंधळ झाला असेल."

मावशीचं नाव घेतलं त्यानं. माणूस कुठल्या थराला जाईल हे मी बरंच पाहिलंय, पण इतका खालचा थर पाहिला नव्हता.

फायनलबाई म्हणाली, "सगळ्यांच्या मेलमध्ये माझी मूळ फाईल आहे. कुणीही उघडून बघा. नऊ नंबर."

कुणीही उघडली नाही. एक नर्स म्हणाली, फोनवर उघडत नाही. दुसरी आपल्या ओढणीच्या टिकल्या मोजत होती. प्रशासक म्हणाला, मी जुने मेल साफ केले. मी माझा जुना लॅपटॉप काढला, तर मोठे डॉक्टर म्हणाले, "त्याचा काय उपयोग? युनियनच्या मशीनवरची फाईल. एडिट एनीवे तुम्हीही दाबू शकता."

आणि ते बरोबर होतं! हेच मला सगळ्यात झोंबलं. पाटीचं कुलूप त्यांना हवं तेव्हा कुलूप, आणि हवं तेव्हा नुसती पाटी.

अध्यक्षांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. कळकट शर्ट, कानात पेन. त्यानं पेनड्राइव्हवरची फाईल उघडली, वरच्या फाईल मेनूत जाऊन इन्फोवर क्लिक केलं आणि उजवीकडे बोट ठेवलं. लेखक: फायनलबाईचं नाव. शेवटचा बदल करणारा: ओटी ऑफिस.

"हे कोण?" अध्यक्ष.

"थिएटरच्या ऑफिसातलं मशीन, सर. त्यातल्या सॉफ्टवेअरला असंच नाव दिलंय."

"तिथे कोण बसतं?"

"सगळेच बसतात, सर."

सगळेच बसतात म्हणजे कुणीच बसत नाही. फायनलबाई पुढे आली. "सर, एडिट एनीवे दाबून फाईल बदलली, सेव्ह केली, की पिवळी पट्टी आपोआप जाते. इथे पट्टी आहे. म्हणजे बदल करून कुणीतरी परत फायनलचं बटण दाबलंय. चुकून होत नाही हे."

मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते पाणी पीत होते. ग्लास रिकामा होता.

आता एखाद्या बऱ्या माणसाला वाटेल, झालं, न्याय झाला. छे. अध्यक्षांनी "अंतर्गत चौकशी करा, विषय पुढच्या बैठकीत" म्हणून तो बाजूला सारला, आणि सगळे चहाला उठले. प्रशासक तिच्याजवळ आला. मी मागेच होतो.

"मॅडम, ठीक आहे, तुम्ही बदललं नाही. पण मग कुणीतरी बदलू शकलं कसं? फाईल नीट कुलूपबंद का नव्हती?"

ती आपली खुर्ची उचलायला लागली, तो मागोमाग बोलत राहिला.

"जबाबदारी तुमचीच ना? उद्या दुपारपर्यंत खुलासा द्या. लेखी. माझ्याकडून फाईल संरक्षित करण्यात हलगर्जी झाली, एवढंच. छोटंसं. आणि सुधारित पीपीटी पाठवा, तुमच्या मेलवरून. नऊ नंबरवर लिहा, सर्व विभागांनी काळजी घेणे आवश्यक. कुणाचं नाव नको, कुठला रंग नको. सगळे खूश."

"साहेब, बदलायचा पासवर्ड लावू नका, हे तुम्हीच..."

"मी असं काही लेखी दिलंय का?" तो हसून निघून गेला. बशीतलं बिस्किट उचलून.

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. हा त्यापुढचा प्रकार. चोर तुमच्याच दारात उभा राहून विचारतोय, कडी का नाही लावलीत.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेर व्हॅन लावलेली. मावशी खाटेवर, नवरा दारात बूट काढत. फायनलबाई पालकाची जुडी निवडत होती आणि जुडीवर राग काढत होती.

"काय ठरवलं?" मी विचारलं.

"ठरवायचं काय? खुलासा दिला तर माझ्या सर्व्हिस बुकात लागणार. मी बावीस वर्षांत एक मेमो घेतला नाही."

"मग देऊ नकोस! उद्या आम्ही गेट अडवतो. तळघर बंद. बघू, ओल्या चादरीवर कसे ऑपरेशन करतात!"

ती एकदम उसळली. "भाऊ, तुमचं गेट अडवणं झालं की तुम्ही घरी जाल. त्या टेबलावर मी बसते. आणि पेशंटांनी काय केलंय तुमचं?"

मी मावशीच्या खाटेच्या कडेवर टेकलो. मावशीला मात्र हसू आलं. "हा आला की माझ्या खाटेचे पाय हलतात," ती म्हणाली. मग पोरीला, "बये, मला एक सांग. तो लेखी दिलं का म्हणाला. म्हणजे त्याला लेखी द्यायला भीती वाटते की नाही?"

"वाटते. म्हणून तर सगळं तोंडी सांगतो."

"मग तुझं कुलूप लाव, आणि म्हणावं, किल्ली लेखी माग."

नवऱ्यानं बूट तसाच हातात धरला. "मावशी, तुम्ही हॉस्पिटलच्या प्रशासक व्हायला हव्या होत्या."

"मी तळघर चालवलं, तेवढं पुरे."

फायनलबाई पालक तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "गळा काढून काही होणार नाही. आणि खोटं लिहून माझं नावही घालवणार नाही. फाईल माझ्या नावानं जाते. यांना दुसरं काही लिहायचं असेल, तर खुशाल नवी फाईल करावी. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या मेलवरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाचं निमित्त काढून तिच्या टेबलापाशी गेलो. ती बोलावल्याशिवाय मागे बघत नव्हती. तिनं पाठवलेल्या मेलमधली मूळ फाईल उघडली. नऊ नंबरला हिरवा खांब ताठ उभा. तिनं आधी ती पिवळी पट्टी काढली. मग उघडायचा पासवर्डही काढून टाकला. "हा कशाला हवा? वाचू द्या की सगळ्यांना. लपवायचं काय आहे?" मग सेव्ह अ‍ॅज, खाली टूल्स, जनरल ऑप्शन्स. दोन रिकामे रकाने. वरचा उघडायचा, तो मोकळा सोडला. खालचा बदलायचा. त्यात टाइप केला, परत विचारला, परत टाइप केला. मला दिसू नये म्हणून तिनं स्क्रीनकडे खांदा वळवला. मला राग आला, मग आवडलं.

"बघा," तिनं फाईल पुन्हा उघडली. स्क्रीनवर आलं: बदलायचं असेल तर पासवर्ड टाका, नाहीतर रीड ओन्ली उघडा. तिनं रीड ओन्ली दाबलं. उघडली. "वाचायला कुणालाही मुभा. बदलायला नाही."

"फोडता येतं का हे?"

"कुणाला फार खुमखुमी असेल तर नव्यानं सगळं टाइप करता येतं. पण मग ते माझं नाही राहत."

मेल विश्वस्त मंडळातल्या प्रत्येकाला गेला. समितीला, लॉन्ड्रीच्या मुकादमालाही. मजकूर दोन ओळींचा. मूळ अहवाल जोडला आहे. बदलण्याचा पासवर्ड हवा असल्यास कारणासह लेखी मागणी करावी. खुलाशाच्या जागी तिनं एकच वाक्य लिहून दिलं: संरक्षणाची कोणती पद्धत वापरायची याबद्दलची सूचना मला तोंडी मिळाली होती, सूचना देणाऱ्यांनी ती लेखी दिल्यास मी खुलासा करीन.

दुपारी प्रशासकाचा फोन आला. स्पीकर ती नेहमी बंद ठेवायची, त्या दिवशी चालू ठेवला. झेरॉक्सवाला, शिपाई, मी, सगळे ऐकत होतो.

"मॅडम, हे काय? पासवर्ड सांगा."

"साहेब, लेखी मागा. लगेच देते."

"अहो, एक शब्द दुरुस्त करायचाय."

"कुठला शब्द ते मागणीत लिहा, साहेब."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. "तुम्ही मला शिकवणार?"

"नाही, साहेब. मी फक्त मेलवर मागणीची वाट बघते."

फोन आपटला. झेरॉक्सवाल्यानं तिच्यासमोर चहाचा कप ठेवला, न सांगता.

मागणी आली नाही. येणार कशी? नऊ नंबरवरचा हिरवा खांब काढायचाय, असं आपल्या हातानं लिहून सहीचा मेल पाठवायची हिंमत त्या इमारतीत एकाचीही नव्हती. मोठ्या डॉक्टरांचीही नाही, ज्यांचा हात म्हणे ऑपरेशनला कधी कापत नाही. ओटी ऑफिसमध्ये सगळे बसतात, पण लेखी मागायला एकही बसला नाही.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी स्वतः फाईल उघडली. रीड ओन्ली. नऊ नंबरवर थांबले, हिरव्या खांबाकडे बघत राहिले, आणि विचारलं, "म्हणजे थिएटरमध्ये डबेच नाहीत?" मोठे डॉक्टर म्हणाले, मागणी केली होती, आली नाहीत. खोटं. पण डबे आले. प्रत्येक टेबलाजवळ पिवळा डबा, आणि तळघरात कापड सोडायला एक लांब टेबल, चिमट्यासह. महिन्याभरानं हॉस्पिटलच्या मासिकात फोटो: मोठे डॉक्टर पिवळ्या डब्याशेजारी, हात डब्यावर, जणू नातवाच्या डोक्यावर. खाली लिहिलेलं, त्यांच्या पुढाकाराने. मी ते मासिक फाडलं. मुकादमानं परत एक आणलं आणि तळघराच्या भिंतीवर लावलं. म्हणाला, "राहू द्या भाऊ. सुया कमी झाल्यात." खरंच कमी झाल्या.

चौकशी झाली नाही. तिचा एका वाक्याचा खुलासा कुणी परत केला नाही आणि सर्व्हिस बुकात लावलाही नाही. तो कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडलाय, गरज लागली तर काढू म्हणून. फायनलबाईची बदली केस पेपरच्या खिडकीवर झाली. तिच्या जागी एक चुणचुणीत पोरगा आला. तो पीपीटीला पासवर्ड लावतो, नेहमीचाच, आणि त्याच मेलच्या दुसऱ्या ओळीत लिहून पाठवतो. वर पिवळी पट्टी. प्रशासक त्याच्यावर खूश आहे.

परवा मी खिडकीवर गेलो होतो. रांग बाहेरपर्यंत. एक म्हातारा पेशंट आपलं वय बदलून घ्यायला भांडत होता, बासष्टचं अठ्ठावन्न करा म्हणून. फायनलबाई काचेआडून म्हणाली, "आजोबा, बदलते की. पण आधी अर्ज लिहा, आणि खाली सही करा." म्हातारा अर्ज लिहायला बाकावर जाऊन बसला, पेन मागायला परत आला, आणि तिनं त्याला आपलं पेन दिलं.